बाईंच्या भिंतीची ओल

त्यांना सगळे पोपडेकाका म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण रंगाच्या कामाला गेले की पहिला अख्खा दिवस ते नुसते भिंत खरवडत बसायचे. हातातल्या पत्र्याच्या पट्टीने पोपडे काढायचे, खाली टाकलेल्या जुन्या चादरीवर त्यांचा ढीग व्हायचा आणि घरमालकाचा जीव खालीवर व्हायचा. “काका, रंग कधी लावणार?” असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, “भिंतीला आधी आंघोळ घालू द्या, मग कपडे घालतो.” घाईच्या लोकांना हे आवडत नसे, तरी काकांना काम कमी पडलं नाही. त्यांनी लावलेला रंग टिकायचा.

काका दोन भावांतले धाकटे. थोरल्या भावाला ते दादा म्हणत. वडील लवकर गेले तेव्हा दादाने शाळा सोडून गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलली आणि धाकट्याला शिकवायचा प्रयत्न केला. धाकट्याचं पुस्तकात लक्ष नव्हतं. मग दादानेच त्याला ओळंबा धरायला शिकवलं, गिलावा चढवायला शिकवलं आणि “तुझा हात हलका आहे, तू रंगाचंच बघ” असा सल्लाही दिला. पुढे दादा घरदुरुस्तीची कामं घेऊ लागला. फरशी, नळकाम, बाथरूम तो करायचा आणि मागून रंगाला भाऊ यायचा. तीस वर्षं हे असंच चाललं. दादा म्हणाला भिंत सुकली, की काका ब्रश उचलायचे. स्वतः हात लावून बघायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

शाळेतल्या बाईंचं घर हे असंच दादाकडून आलेलं काम. बाई गणित शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं, म्हाताऱ्या वडिलांबरोबर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. दादाने त्यांचं बाथरूम फोडून नवं केलं होतं. बाथरूमची एक भिंत निजायच्या खोलीला सामाईक होती. त्या भिंतीत एक कपाट होतं आणि कपाटाशेजारी वडिलांची खाट. काकांनी त्या खोलीला फिका पिवळा रंग दिला. बाईंनी वडिलांना हाताला धरून खोलीत आणलं आणि म्हणाल्या, “बघा, बाबा, सकाळ झाल्यासारखं वाटतंय ना?”

वर्ष व्हायच्या आत बाईंचा फोन आला. भिंतीवर काळे ठिपके आले होते.

काका गेले, बघितलं. खोलीत, बाहेरच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, एका सुट्या लाकडी कपाटाच्या मागे, बुरशीचे काळे ठिपके दाट पसरले होते. दुसरीकडे, बाथरूमच्या भिंतीतल्या कपाटाच्या तळाशी रंग फुगला होता. बोट लावलं तर पापुद्रा निघून आला आणि मागे पिठासारखा पांढरा खार दिसला. कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेल्या शालींना कुबट वास येत होता.

काकांनी दादाला फोन लावला. दादा म्हणाला, “अरे, खोली कोंदट आहे. म्हातारा माणूस, खिडक्या बंद, कपडे आतच वाळत घालतात. वाफ जाणार कुठे? बाईंना सांग, हवा खेळती ठेवा म्हणावं.”

“खाली खार आलाय, दादा. तुझ्या बाथरूमची भिंत आहे ती.”

“तीन दिवस पाणी भरून ठेवलं होतं मी तिथे. थेंब हलला नाही. तू मला कामं शिकवणार का आता?”

दादा हसला, काकाही हसले. विषय संपला.

काकांनी भिंत साफ केली. खोलीचं दार लावून खिडकी उघडली, तोंडाला मास्क आणि हाताला रबरी मोजे घातले. बुरशी कोरडी घासली की तिची धूळ खोलीभर उडते, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने भिंत भिजवून ओल्या फडक्याने पुसली, फडकी लगेच पिशवीत बांधली. मग पाण्यात थोडं ब्लीच घालून ते ठिपक्यांवर लावलं, थांबले, पुन्हा स्वच्छ पाण्याने पुसलं. “ह्यात दुसरं काही मिसळायचं नाही हं,” त्यांनी बाईंना बजावलं, “संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात नाही. विषारी वाफ होते.” लाकडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. फुगलेला भाग खरवडून, सुकवून, पुट्टी भरून रंगवला. निघताना बाईंना म्हणाले, “खिडक्या उघड्या ठेवत जा. कपडे बाहेर वाळवा. जरा हवा खेळती राहिली पाहिजे.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मास्तरीणच ती.

पुढच्या वर्षी पुन्हा फोन. बाहेरच्या कोपऱ्यातले ठिपके जवळजवळ गेले होते, पण कपाटाखालची ओल दुप्पट झाली होती. ती आता गुडघ्यापर्यंत चढली होती, वरच्या कडेला चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ आली होती आणि ओल्या गिलाव्यावर पुन्हा बुरशी धरली होती. बाईंचे वडील खोकत होते. बाई दारात उभ्या राहून, चूक केलेल्या विद्यार्थिनीसारख्या सांगत होत्या, “मी सगळं केलं, काका. थंडीतसुद्धा खिडकी उघडी ठेवली. बाबा कुडकुडायचे, तरी ठेवली. कपडे गच्चीवर नेते. कपाट रोज उघडं टाकते.”

आणि काका त्यांना म्हणाले, “कुठेतरी कमी पडतंय, बाई.”

हे वाक्य त्यांनी कसं उच्चारलं, बाई मान खाली घालून कशा “हो” म्हणाल्या, हे काकांनी पुढे मला जसंच्या तसं सांगितलं.

त्याच वर्षी बाईंची धाकटी बहीण येऊन वडिलांना आपल्या घरी घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बुरशीच्या खोलीत त्यांना ठेवू नका. बहीण जाताना चारचौघांत म्हणाली, “ताईला शाळेपुढे घर दिसत नाही.” बाईंनी वडिलांची पिशवी उचलून दारापर्यंत नेऊन दिली. त्यांना वाटत होतं, बहीण खरंच बोलतेय.

असं चार वर्षं चाललं. दर वर्षी काका जायचे, पुसायचे, खरवडायचे, रंगवायचे. दर वर्षी दादाला विचारायचे आणि तेच उत्तर ऐकायचे.

चौथ्या वर्षी काका गेले तेव्हा बाईंनी त्यांना आधी बसवलं.

“काका, मला एक हिशेब सुटत नाहीये,” त्या म्हणाल्या. “सुट्टीत मी महिनाभर बहिणीकडे होते, बाबांजवळ. घर कुलूपबंद, एक खिडकी उघडी नाही. मला वाटलं, परत येईन तेव्हा भिंत काळीठिक्कर झाली असेल. आले तर ओल कमी. हात लावला तर वरचा भाग चक्क कोरडा. मग मी राहायला लागले, खिडक्या उघडल्या, आणि दहा दिवसांत ओल परत. कोंदटपणामुळे होत असतं तर उलटं व्हायला हवं होतं ना?”

काकांनीही तो हिशेब मांडून बघितला. घरात माणूस नव्हतं, म्हणजे हवा नव्हती. पण पाणीही नव्हतं. बाथरूम महिनाभर कोरडं होतं.

त्यांनी पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचे दोन हातभर तुकडे मागितले. भिंतीचा पोपडा काढून, जागा पुसून, पंख्याने जमेल तेवढी वरून सुकवून त्यांनी एक तुकडा कपाटाखालच्या ओलीवर आणि दुसरा बाहेरच्या कोपऱ्यात लावला. चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद केल्या. “तीन दिवस हात लावू नका,” ते म्हणाले. “कागदाच्या ह्या बाजूला, खोलीकडे, दव धरलं तर ओल खोलीतल्या हवेची. मागच्या बाजूला धरलं तर ती भिंतीतून येतेय.”

“इतकं सोपं?” बाईंनी विचारलं. “मग हे पहिल्या वर्षी का नाही केलं?”

काका चिकटपट्टीचं टोक दाबत राहिले. खरं उत्तर होतं, दादा म्हणाला म्हणून.

तीन दिवसांनी बाहेरच्या कोपऱ्यातला कागद दोन्हीकडून कोरडा निघाला. कपाटाखालचा कागद समोरून कोरडा होता, पण काकांनी पट्टी सोडवली तेव्हा मागून पाण्याचा ओघळ त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

ते अंगणात आले आणि त्यांनी दादाला फोन केला.

“दादा, बाईंच्या भिंतीत मागून पाणी येतंय. हवेचं काही नाही. मी खात्री केलीय.”

मग दादा म्हणाला, “बरं, ठीक आहे. बाथरूमच्या फरशीच्या फटी भरून घे वरून. ट्रॅपला हात लावू नकोस. जाळीखाली उगाच उचकटलंस तर सगळं गळ्यात येईल.”

“बरं,” काका म्हणाले आणि फोन ठेवला.

ते तिथेच उभे राहिले. त्यांनी ट्रॅपचं, जाळीखाली सांडपाणी वाहून नेणाऱ्या त्या भांड्याचं, नावसुद्धा काढलं नव्हतं. पाणी नळाच्या पाइपातून येतं की फरशीच्या फटीतून, की बाहेरच्या जमिनीतून, त्यांचं त्यांनाच अजून ठाऊक नव्हतं. दादाला मात्र ठाऊक होतं.

तरी माणसाचं मन वेडं असतं. काकांनी स्वतःची समजूत घातली की दादा अनुभवी आहे, अंदाजाने बोलला असेल. आणि दादाला खरं ठरवायचंच, अशा हट्टाने ते एकेक गोष्ट तपासू लागले. आधी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरसमोर तासभर बसले. काटा हलला नाही. म्हणजे नळाचे पाइप चांगले. मग जाळीच्या तोंडात बूच बसवून बाथरूमच्या फरशीवर चार बोटं पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पाणी रेघेलाच होतं; म्हणजे फरशी पाणी धरत होती. काकांना केवढं हायसं वाटलं! दादा खरं बोलला होता, पाणी भरून बघितलं होतं त्याने.

उरला खालचा पाइप. काकांनी बाहेरच्या चेंबरपाशी सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडात फुगवायचं रबरी बूच घातलं आणि आतून जाळीपर्यंत पाणी भरलं. संध्याकाळी परत येऊन बघितलं, तर पाणी खाली गेलं होतं. पुन्हा भरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. बुचाची बाहेरची बाजू तर कोरडी ठाक. पाणी बाहेर येत नव्हतं आणि वरही राहत नव्हतं. जमिनीखाली कुठेतरी झिरपत होतं.

“फोडावं लागेल, बाई,” काका म्हणाले.

“फोडा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी जाळीभोवतीच्या चार फरश्या उचलल्या आणि खालचा कोबा छिन्नीने हळूहळू काढला. कोबा खाली जाईल तसा ओला होत गेला, शेवटी तर चिखलच. मग ट्रॅप उघडा पडला. त्याच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला, जिथे पाइप जोडतात त्या कॉलरला, बोटभर लांब चीर होती. आणि त्या चिरेवर फटी बुजवायचं राखाडी लुकण थापलेलं होतं. लुकणाभोवती फडक्याची पट्टी गुंडाळलेली होती. पट्टीवर सिमेंट.

काका बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. फरशी बसवल्यावर तिथे कुणाचा हात पोहोचणं शक्य नव्हतं. ज्याने हे लुकण लावलं त्याने ते कोबा पूर्ण भरण्याआधी लावलं होतं. त्याला चीर दिसली होती. त्याने ती झाकली आणि वर फरशी बसवली. फरशीवर भरलेलं पाणी तीन दिवस टिकलं होतं ते खरंच, कारण ते जाळीच्या वर अडवलेलं होतं. चीर खाली होती. आंघोळीचं पाणी वाहून जाताना चार वर्षं रोज थोडं थोडं तिथून भरावात झिरपत होतं आणि भिंत ते दिव्याच्या वातीसारखी वर ओढत होती.

दादा त्या दिवशी एका नव्या इमारतीत फरशीचं काम बघत होता. काका सरळ तिथे गेले. कपड्यांवरचा चिखलही त्यांनी झटकला नव्हता. तडकलेला ट्रॅप पिशवीतून काढून त्यांनी दादापुढे फरशीच्या खोक्यावर ठेवला.

दादाने बघितलं. गवंड्यांना म्हणाला, “जरा चहा घेऊन या रे सगळे.” ते गेल्यावर म्हणाला, “फोडलंस शेवटी.”

“तुला माहीत होतं.”

“कोबा भरताना घमेलं निसटलं वरून. चीर गेली. दुसरा ट्रॅप बसवायचा तर पाइपासकट सगळं काढावं लागलं असतं. मला दुसऱ्या दिवशी पुढचं काम होतं. वाटलं, लुकण धरेल.”

“धरलं नाही हे कधी कळलं तुला?”

दादाने खोक्यावरची धूळ बोटाने पुसली. “पहिल्याच वर्षी. तू म्हणालास ना, खाली खार आलाय.”

“आणि तू मला सांगितलंस, बाईंना खिडक्या उघडायला सांग.”

“कोपऱ्यात बुरशी होतीच की हवेची. ते काय खोटं होतं?”

“ते खरं होतं. त्याच्या आड तू हे दडवलंस.”

“धाकट्या, एवढं काय आभाळ कोसळलं? मी सांगितलं असतं तर त्या भांडत बसल्या असत्या. तू सांगितलंस की लोकांना पटतं. तुझ्या तोंडाकडे बघून विश्वास बसतो माणसांचा.”

काका मला म्हणाले, त्या वाक्यापर्यंत ते दादाला माफ करायला तयार होते. घाई कुणाची होत नाही? घमेलं कुणाच्या हातून निसटत नाही? पण दादाने त्यांना तिथे चार वर्षं रंगवायला पाठवलं नव्हतं, त्यांचा चेहरा पाठवला होता. ज्या माणसाने हाताला धरून ओळंबा धरायला शिकवलं, त्याने त्याच हाताने आपल्याला ढालीसारखं पुढे धरलं होतं.

“त्यांचे वडील घर सोडून गेले, दादा,” ते म्हणाले. “बाईंना वाटतं, त्यांच्यामुळे गेले. मी त्यांना तोंडावर सांगितलं, तुम्ही कमी पडताय.”

“ते तू सांगितलंस,” दादा म्हणाला. “मी नाही.”

काकांनी ट्रॅप पिशवीत घातला आणि ते निघाले. मागून दादाने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

बाईंना सगळं सांगायला काकांनी दोन दिवस घेतले. शब्द जुळवून गेले होते, पण बाईंनी दार उघडलं आणि शब्द पळाले. त्यांनी ट्रॅप दाखवला, चीर दाखवली, लुकण दाखवलं आणि म्हणाले, “हे माझ्या भावाने केलं. त्याला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, पण मी बघितलंही नाही. चूक तुमची कधीच नव्हती.”

बाईंनी तो ट्रॅप हातात घेतला, फिरवून बघितला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मी बाबांना थंडीत खिडकी उघडून झोपवायची, काका. ते म्हणायचे, लाव ना गं थोडी. मी म्हणायचे, नाही, भिंत खराब होते.” त्यांनी ट्रॅप परत दिला. “तुमच्या भावाला मी त्या कामानंतर भेटलेही नाही. तुम्ही दर वर्षी येत होता. मी तुमचं ऐकलं.”

काका उठले आणि बाथरूममधल्या उघड्या खड्ड्यातला चिखल काढू लागले.

ट्रॅप आणि पाइप त्यांनी स्वतः उभं राहून नवीन बसवून घेतले. पाइप पुन्हा तुंबवून, भरून, एक दिवस एक रात्र बघितला आणि मगच कोबा भरू दिला. भिंतीचा गिलावा हातभर उंच, विटा दिसेपर्यंत काढला, कारण खार शोषलेला गिलावा हवेतली ओल पुन्हा धरतो. खालचा कप्पा, फुगलेली फळी फेकून दिली. शाली गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकल्या. कपाटातली जी पुस्तकं बुरशीने गेली होती ती बाईंनी स्वतः वेगळी काढली. नंतर काका दर आठवड्याला जाऊन चंदेरी कागद लावून बघायचे. भिंत सुकायला चार महिने लागले. शेवटी कागद दोन्हीकडून कोरडा निघाला.

“आता नवा गिलावा, आणि मग रंग,” काका म्हणाले. त्यांना तो फिका पिवळाच द्यायचा होता.

बाई म्हणाल्या, “रंगाचं मी दुसऱ्यांना सांगितलंय, काका.” आवाजात राग नव्हता. “तुम्ही केलंत ते चांगलं केलंत. पण त्या खोलीत तुम्ही ब्रश घेऊन उभे राहिलात की मला... नको.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले. त्यांनी नव्या रंगाऱ्याचा नंबर घेतला आणि त्याला फोन करून फक्त एवढंच सांगितलं की गिलावा पुरता सुकेपर्यंत घाई करू नकोस.

बाईंचे वडील त्या हिवाळ्यात दहा दिवस येऊन राहिले, असं काकांनी ऐकलं. नंतर ते पुन्हा धाकट्या लेकीकडे गेले. तिथल्या नातवंडांत त्यांचा जीव रमला होता. दोघी बहिणींचं काय झालं ते काकांना कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला आहे असंही त्यांना वाटलं नाही.

काका आता एकट्याने कामं घेतात. वहिनी सणासमारंभाला बोलावतात, काकू जातात, काका जात नाहीत. मागे एकदा सामानाच्या दुकानात दोघं भाऊ समोरासमोर आले. दादाच्या हातात फरशीचे नमुने होते, काकांच्या हातात पुट्टीची पिशवी. दादाचे केस पार पिकले होते. नमुने काखेत सरकवून तो म्हणाला, “चहा घेतोस?”

“घेतलाय,” काका म्हणाले.

सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. पिशवी खांद्यावर टाकून ते दुकानाबाहेर पडले आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर मग हमरस्त्याच्या कडेला थांबले, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं.